‘एआयनंच तर करायचंय’ म्हणणाऱ्या ग्राहकाला काय लिहावं?

समजा, घरगुती फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंना दिवाळीसाठी खोक्याचं झाकण करून हवंय, १० इंच बाय ८ इंच. नऊवारी नेसलेली आजी, पुढ्यात चकल्यांचं ताट, शेजारी समई. डिझायनर हे चित्र एआयच्या मदतीनं करणार, हे दोघांनाही माहीत आहे. तीन वेळा दुरुस्त्या होऊन चित्र पसंत पडतं, छपाईची फाइलही तयार होते आणि मग निरोप येतो : ‘ज्योत जरा लहान करा. आणि आजीऐवजी तरुण सून दाखवून बघू या का? एआयनंच तर करायचंय, त्याचे वेगळे पैसे नाहीत ना?’

हा प्रश्न लबाडीचा नाही. मिनिटाभरात चार चित्रं तयार होताना त्यांनी पाहिलेली असतात. पुढचं काम त्यांच्या डोळ्यांआड होतं, म्हणून ते त्यांना समजावून सांगावं लागतं.

हे तंत्र ठिपक्यांच्या गोंधळातून सुरुवात करतं आणि लिहिलेल्या सूचनेच्या आधारानं टप्प्याटप्प्यानं चित्र घडवतं. त्यामुळे सूचनेत ‘लहान ज्योत’ एवढे दोनच शब्द घातले, तरी अख्खं चित्र नव्यानं बनू शकतं. ज्योत लहान होते, पण आजीचा चेहरा बदलतो, नऊवारीचा काष्टा नाहीसा होतो, बोटं सहा होतात. हे टाळायचं तर फक्त ज्योतीचा भाग आखून तेवढाच पुन्हा घडवावा लागतो. तिचा उजेड आजीच्या गालावर आणि ताटाच्या काठावर पडलेला असतो. तो हातानं जुळवून घ्यावा लागतो.

खरी मेहनत त्याच्याही पुढे असते. अनेक साधनं मुळात १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं चित्र देतात. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरले, तर ते जेमतेम साडेतीन इंचांपुरतं होतं. झाकणाला ३००० बाय २४०० लागतात. चित्र मोठं करताना चकलीचे काटे एकमेकांत मिसळतात, साडीच्या काठावर नको ती नक्षी उमटते. ते सगळं साफ करावं लागतं. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी रंग छपाईच्या चार शायांमध्ये मंदावतो, म्हणून रंग पुन्हा बसवायचे. एआय अनेकदा जोडाक्षरं मोडतं, त्यामुळे नावाची अक्षरं वेगळीच रचलेली असतात. एवढं सगळं झाल्यावर मूळ चेहरा बदलला, की हे बहुतेक काम पुन्हा करावं लागतं.

म्हणून उत्तर असं द्यावं :

‘नमस्कार ताई. झाकण तुमच्या मनासारखं व्हावं असं मलाही वाटतं. आपलं १२,००० रुपयांत एक चित्र आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या असं ठरलं होतं. तिसरी फेरी मी हिशेबात धरलेली नाही. आता फाइल छपाईसाठी तयार आहे, त्यामुळे ज्योत लहान करायची तर तेवढा भाग पुन्हा करून रंग जुळवावे लागतील. त्याचे ८०० रुपये होतील आणि शुक्रवारी फाइल छापखान्यात जाईल. आजीऐवजी सून हवी असेल तर ते नवं चित्र ठरेल. त्याचे ४,००० रुपये होतील आणि फाइल सोमवारी जाईल. आहे तसंच ठेवायचं असेल तर काहीच द्यायचं नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवाल का?’

या उत्तरात ‘जमणार नाही’ असं कुठेही म्हटलेलं नाही. तिन्ही वाटा ग्राहकापुढे ठेवल्या आहेत आणि पहिल्या दोन्हींचे पैसे नि दिवस सांगितले आहेत. एआय किती अवघड आहे यावर व्याख्यान नाही, कारण ताईंना तंत्र शिकायचं नसून खोकं वेळेत हवंय. तिसऱ्या फेरीचा उल्लेख मात्र मला आवश्यक वाटतो. गुपचूप फुकट केलेलं काम समोरच्याला दिसतच नाही, आणि मग चौथ्या वेळी मागितलेले पैसे त्याला अचानक वाटतात.

हे उत्तर ठामपणे देता येतं ते काम घेतानाच दोन गोष्टी लिहून ठेवल्या असतील तरच. पहिली म्हणजे फेरी कशाला म्हणायचं. सगळ्या सूचना एका यादीत, एकाच माणसाकडून आल्या की ती एक फेरी. सकाळी ताईंचा, दुपारी त्यांच्या मुलाचा, रात्री जावेचा निरोप असं चालू राहिलं, तर हिशेब कोणालाच लावता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मंजुरीचा टप्पा. चित्र मोठं करण्याआधी लहान आकारातच दाखवून ‘आता चेहरा, कपडे, मांडणी पक्की’ असा लेखी होकार घ्यायचा. तोवर बदल स्वस्त पडतात, त्यानंतर महाग.

एक मात्र वेगळं धरायला हवं. आजीच्या हाताला सहावं बोट राहिलं असेल किंवा नावात काना चुकला असेल, तर ती दुरुस्ती कुठल्याच फेरीत मोजायची नाही. ती चूक डिझायनरची. छपाईआधी कधीही सापडली तरी विनामूल्य सुधारायची, आणि तसं करारात आधीच लिहायचं.