जुनाट दुखणे, खचलेले मन आणि स्वीकाराचा अर्थ

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट दुखणे म्हणते. अशा रुग्णांपैकी अनेकांना नैराश्यही येते. त्यांच्यासाठी ‘अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’, थोडक्यात ‘अ‍ॅक्ट’, ही मानसोपचाराची पद्धत वापरली जाते. स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावरचे मूळ पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. या उपचाराने दुखण्याची तीव्रता फारशी घटत नाही, मात्र दुखण्यामुळे अडलेले जगणे पुन्हा सुरू होण्यास आणि नैराश्य कमी होण्यास मदत होते. आपल्यातील डॉक्टर, परिचारिका व समुपदेशकांना कार्यशाळेत करून पाहता येईल असा याचा एक धागा येथे देत आहोत.

उदाहरणादाखल एक ताई घेऊ. वय ४६, शिलाई मशीनवर काम, सहा वर्षांपासून कंबरदुखी. पूर्वी त्या दर रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेत. आता घराबाहेर पडत नाहीत, झोप लागत नाही, ‘मी कुणाच्या कामाची नाही’ असे म्हणतात.

पहिल्या भेटीत समुपदेशकाने कागदावर तीन रकाने आखावेत: काय करून पाहिले, लगेच किती आराम पडला, आणि त्यापायी काय सुटले. ताई सांगतात: गोळ्या, मालीश, पट्टा, दिवसभर पडून राहणे. आराम तासाभराचा, सुटले ते वर्ग, मैत्रिणी, लग्नकार्ये. येथे उपदेश करू नये. हा हिशेब ताईंनाच वाचू द्यावा.

मग रस्सीखेच. समुपदेशकाने टॉवेलचे एक टोक स्वतः धरावे, दुसरे ताईंना द्यावे आणि म्हणावे, “मी तुमचे दुखणे. आपल्यामध्ये खोल खड्डा आहे. ओढा.” थोडे ओढून झाल्यावर विचारावे, “आता तुमचे हात कशात गुंतले आहेत?” जिंकण्याखेरीज आणखी एक मार्ग असतो, तो म्हणजे टॉवेल सोडणे. दुखणे समोरच उभे राहते, पण हात मोकळे होतात. कंबर दुखणाऱ्या माणसाला जोर लावायला लावू नये. टॉवेल नुसता धरला तरी पुरे.

मोकळ्या हातांनी काय करायचे, हे मूल्यांच्या सरावातून ठरते. कुटुंब, काम, समाज आणि स्वतःचे शिक्षण अशी चार क्षेत्रे लिहावीत. प्रत्येकाला दोन गुण द्यावेत: ते किती महत्त्वाचे आहे, ० ते १०, आणि गेल्या आठवड्यात त्या दिशेने किती चाललो, ० ते १०. ताई ‘समाज’ला ९ आणि १ देतात. सर्वांत मोठी दरी तिथे आहे. वर्ग घेणे हे उद्दिष्ट झाले; मुलांना शिकते करणे हे मूल्य. वर्ग बंद पडला तरी ती दिशा राहते. म्हणून पहिले पाऊल लहान: आठवड्यातून दोनदा, शेजारच्या एका मुलीला दहा मिनिटे वाचायला शिकवणे. दुखणे ३ असो वा ७, वेळ दहाच मिनिटे. बऱ्या दिवशी तासभर बसले की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. ‘माझ्याकडून होणार नाही’ असे वाटले, तर ‘माझ्याकडून होणार नाही, असा विचार मला येतो आहे’ असे म्हणून बसावे.

गाडी कुठे अडते? “दोर सोडला, पण दुखणे कमी झाले नाही,” असे रुग्ण म्हणाला, तर स्वीकारही त्याने वेदनानाशक गोळीसारखाच घेतला आहे. पुन्हा तीन रकान्यांकडे यावे. मूल्य दुसऱ्याचे असू शकते, ‘चांगली सून व्हायचे’ असे उत्तर आले तर विचारावे, “कुणालाच कळणार नसेल, तरी हे कराल का?” नैराश्यात १ हा गुण पाहून रुग्ण स्वतःलाच दोष देतो. तेव्हा सांगावे की, जे मोलाचे आहे त्याचीच उणीव अशी सलते.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट हवी. येथे स्वीकारायचे ते आतले दुखणे आणि विचार, अन्याय नव्हे. ताईंची मशीन चुकीच्या उंचीवर असेल, पाठीला टेकू नसेल, तर मालकाकडे नीट खुर्ची मागणे हेही मूल्याधारित पाऊलच आहे. ‘सहन करा’ असे सांगणारा समुपदेशक अ‍ॅक्ट शिकवत नाही.

हे सर्व सुरू करण्याआधी दोन तपासण्या. ताप, वजन घटणे, पायातली ताकद जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे असेल, तर आधी डॉक्टर; ताकद गेली किंवा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय. आणि जीव संपवण्याचे विचार येतात का, हे थेट विचारावे. येत असतील तर सराव बाजूला ठेवून रुग्णाला एकटे न सोडता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. चालू असलेली नैराश्याची औषधे स्वतःहून थांबवू नयेत.