तूरडाळीला तीन शिट्ट्या, मग हरभऱ्याला किती? भिजवल्याने आकडा कसा बदलतो, वाचा सविस्तर

रात्री हरभरे भिजत घालायचे राहिले आणि सकाळी उसळीचा बेत ठरला, असं बहुतेक घरांत कधी ना कधी होतंच. मग कुकरला दहा शिट्ट्या होतात, बारा होतात, झाकण उघडून दाणा दाबला तर आत टणकच. दुसरीकडे तूरडाळीला एखादी शिट्टी जास्त झाली की वरणाचा लगदा होतो. दोन्ही कडधान्यंच, कुकरही तोच, मग एवढा फरक का?

आधी आकडे सांगतो, कारण तेच जाणून घ्यायला तुम्ही आला आहात. पाच लिटरचा कुकर, मध्यम आच आणि डाळ थेट कुकरमध्ये घातलेली, असं धरू. न भिजवलेल्या तूरडाळीला तीन ते चार शिट्ट्या लागतात. अर्धा तास भिजवली तर दोन ते तीन पुरतात. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याला पाच-सहा शिट्ट्या आणि त्यानंतर बारीक गॅसवर दहा मिनिटं लागतात. काबुली चणेही साधारण तेवढेच घेतात. हरभरा कोरडाच टाकला तर पंधरा शिट्ट्यांनंतरही काही दाणे मऊ आणि काही कच्चे, अशी गत होते.

डाळ फोडलेली, हरभरा अख्खा

तूरडाळीची साल गिरणीतच निघालेली असते आणि दाणा दोन फाकांत फुटलेला असतो. त्यामुळे पाण्याला सगळीकडून थेट वाट मिळते आणि पातळ फाक आतपर्यंत लगेच भिजते. हरभऱ्याचा दाणा मात्र अख्खा असतो, जाड असतो, वर सालीचं कवच असतं. पाणी सुरुवातीला जातं ते मुख्यतः डोळ्याजवळच्या बारीक जागेतून, म्हणजे दाण्याला जिथे चोच असते त्या बाजूने. तिथून ते मध्यापर्यंत झिरपायला काही तास जातात.

दाणा मऊ व्हायचा तर त्याच्या आत उष्णता आणि पाणी दोन्ही पोचावं लागतं. उष्णता लवकर पोचते, पाण्याला वेळ लागतो. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं, कुकरमध्ये दाबामुळे ते एकशेवीस अंशांपर्यंत चढतं. म्हणून शिजणं झपाट्याने होतं खरं, पण दाण्याच्या मध्याला पाणीच नसेल तर नुसत्या तापण्याने तो मऊ होत नाही. रात्रभर भिजवणं म्हणजे कुकरचं निम्मं काम गॅस न पेटवता करून घेणं.

तूरडाळीचं हे काम मुळातच छोटं असतं, म्हणून तिथे भिजवण्याने शिट्टी-दीड शिट्टीच वाचते. हरभऱ्यात मात्र निम्म्याहून जास्त वेळ वाचतो. सिलिंडर लवकर संपतोय असं वाटत असेल तर डाळीपेक्षा हरभरा, वाटाणा, राजमा यांच्याकडे आधी बघा.

शिट्टी म्हणजे मिनिट नव्हे

इथेच बहुतेकांची गल्लत होते. शिट्टी आपल्याला फक्त एवढंच सांगते की आतला दाब ठरलेल्या हद्दीपर्यंत आला आणि वाफ बाहेर पडली. आच मोठी ठेवली तर चार शिट्ट्या तीन-चार मिनिटांत होतात, मध्यम ठेवली तर त्याच चार शिट्ट्यांना दहा मिनिटं लागू शकतात. आकडा एकच, पण शिजणं वेगळं. शेजारच्या काकू "सहा शिट्ट्या" म्हणतात आणि आपल्या सहा शिट्ट्यांत उसळ कच्ची राहते, ती यामुळेच. चुलीवर कुकर लावणाऱ्यांना तर जाळ कमी-जास्त झाला की हा फरक रोजच दिसतो.

त्यामुळे पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. तूरडाळीला पाच ते सात मिनिटं पुरे. भिजवलेल्या हरभऱ्याला पंधरा ते वीस मिनिटं द्या. कोरड्याला चाळीस मिनिटं तरी लागतात. बारीक गॅसवर मधे शिट्टी झाली नाही तरी घाबरू नका, दाब आत टिकून असतो. गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं शिजणं चालूच असतं, म्हणून कुकर आपोआप पडू द्या.

वरण-भाताचा कुकर डब्यांत लावत असाल तर डाळीला एक-दोन शिट्ट्या जास्त धरा, कारण डब्यातल्या डाळीला उष्णता उशिरा मिळते. अशा वेळी डाळ अर्धा तास भिजवलेली असली की भात आणि डाळ एकाच वेळी तयार होतात. तूरडाळ भिजवण्याचा खरा फायदा मला तरी इथेच वाटतो.

पाव किलो हरभऱ्याचा हिशोब

रात्री नऊला पाव किलो हरभरे धुऊन मोठ्या पातेल्यात तिप्पट पाण्यात घाला. पातेलं मोठंच घ्या, कारण सकाळी त्यांचं वजन जवळजवळ अर्धा किलो होतं. सकाळी एक दाणा सुरीने मधोमध कापा. आतून सगळा एकसारखा दिसला तर पाणी मध्यापर्यंत पोचलं. मध्यभागी पांढरा, खडूसारखा कोरडा ठिपका दिसला तर अजून तास-दोन तास थांबा. उन्हाळ्यात बारा तासांच्या वर ठेवू नका, पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो.

ते पाणी फेकून नवीन घाला, दाण्यांच्या वर बोटभर राहील इतकंच. थोडं मीठ घातलं तरी चालतं. चिंच, आमसूल, टोमॅटो मात्र आत्ता नको. आंबटाने दाण्याची साल आणि गर घट्ट राहतात आणि कितीही शिट्ट्या दिल्या तरी हवा तसा मऊपणा येत नाही. हे सगळं कुकर उघडल्यावर घाला. तुरीच्या आमटीलाही हाच नियम.

बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे भांड्यांवर पांढरा थर बसत असेल, तर त्यातल्या क्षारांनीही दाणा घट्ट राहतो. भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं स्वच्छ पाणी वापरून बघा. ते नसेल तर चिमूटभर खायचा सोडा चालतो. चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि दाणे फुटून लगदा होतो.

भिजवायचं राहूनच गेलं असेल तर हरभरे भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा, गॅस बंद करून झाकण ठेवा आणि तासभर तसेच राहू द्या. मग कुकरला लावा. रात्रभर भिजवल्याइतकं नाही, पण बऱ्यापैकी काम होतं.

एवढं करूनही दाणा कच्चा निघाला तर गार पाणी ओतू नका, गरम पाणी घालून पुन्हा आठ-दहा मिनिटं द्या. दोन-तीन वर्षं कोठीत पडलेला माल असेल तर तो भिजतो, पण मऊ व्हायला फार वेळ घेतो. तूरडाळही जुनी झाली की असंच होतं. आणि काही दाणे गणंगच असतात, ते निवडून टाकलेलेच बरे.

एक काळजी मात्र घ्या. तूरडाळ फेसाळते, आणि तो फेस शिट्टीच्या भोकात अडकला की वाफेला वाट राहत नाही. म्हणून डाळ आणि पाणी मिळून कुकर निम्म्याहून वर भरू नका, चमचाभर तेल टाका. कुकर लावायच्या आधी ते भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. गॅस मोठा असूनही बराच वेळ शिट्टी झाली नाही आणि रिंगेजवळून वाफ सुटत नसेल, तर शिट्टी हाताने हलवायला जाऊ नका. गॅस बंद करा, कुकर पूर्ण गार होऊ द्या आणि मगच झाकण काढा.