कोऱ्या तबकडीवरील काटे

दुसरीतल्या मुलाने कोऱ्या तबकडीवर साडेतीन दाखविताना मोठा काटा सहावर आणि लहान काटा नेमका तीनवर काढला असेल, तर सरसकट फुली मारण्यापूर्वी परीक्षकाने ध्यानात घ्यावे की, मिनिटकाट्याचे ज्ञान येथे निर्दोष असून चूक केवळ तासकाट्याच्या गतीविषयी आहे. कारण तो काटा तासभर एकाच आकड्यावर मुक्काम ठोकून मग पुढच्यावर उडी घेत नाही, तर दर मिनिटास अर्धा अंश सरकत अर्ध्या तासात १५ अंश पुढे, म्हणजे तीन व चार यांच्या बरोबर मध्यावर येतो. याउलट लहान काटा सहावर व मोठा तीनवर असल्यास काट्यांची अदलाबदल झाली असे समजावे. दोन्ही काटे सारख्याच लांबीचे असतील, तर निवाडा तहकूब ठेवून मुलालाच तोंडी विचारणे बरे. खरी कसोटी पावणेचारची. तेथे मोठा काटा नऊवर बिनचूक पोहोचतो, परंतु लहान काटा बहुधा थेट चारवर जाऊन बसतो, वास्तविक तो चारच्या पाव घर अलीकडे हवा. अशा उत्तरास माझ्या मते अर्धे गुण द्यावेत, आणि गजराच्या घड्याळाची मागील कळ फिरवून लहान काटा सरकताना मुलास प्रत्यक्ष दाखवावा.