रिपोर्टमध्ये कॅल्शियम कमी आलंय? आधी अल्ब्युमिनची ओळ शोधा

फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. पन्नास-साठ ओळींमध्ये एखादा आकडा ठळक केलेला असतो. कॅल्शियम ७.९, आणि शेजारी नॉर्मल रेंज ८.५ ते १०.५. मग त्याचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर जातो आणि पुढच्या दहा मिनिटांत कोणीतरी गोळ्यांचं नावही सुचवतं.

थांबा. त्याच पीडीएफमध्ये आणखी एक आकडा आहे, जो पाहिल्याशिवाय या ७.९ चा अर्थ लागत नाही. तो बहुतेकदा लिव्हरच्या पानावर असतो, म्हणून कॅल्शियम पाहताना तिकडे कोणी फिरकत नाही. त्याचं नाव अल्ब्युमिन.

अल्ब्युमिनचा कॅल्शियमशी काय संबंध?

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. ते लिव्हरमध्ये तयार होतं. रक्तातलं साधारण निम्मं कॅल्शियम मोकळं फिरत असतं आणि चाळीसेक टक्के प्रथिनांना, त्यातही मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. उरलेलं थोडं सायट्रेट, फॉस्फेट अशा घटकांसोबत असतं. स्नायूंचं आकुंचन, नसांमधले संदेश, हृदयाचे ठोके या सगळ्यासाठी लागतं ते मोकळं कॅल्शियम. त्याला आयोनाइज्ड कॅल्शियम म्हणतात.

पैशांच्या भाषेत सांगायचं तर मोकळं कॅल्शियम म्हणजे खिशातली रोकड आणि अल्ब्युमिनला चिकटलेलं कॅल्शियम म्हणजे एफडी. तुमच्या पॅकेजमधली टेस्ट या दोन्हींची बेरीज सांगते. म्हणून तिला टोटल कॅल्शियम म्हणतात. अल्ब्युमिन कमी झालं की एफडी लहान होते, बेरीज घसरते, पण खिशातली रोकड तेवढीच राहू शकते. कारण शरीर लक्ष ठेवतं ते रोकडीवर. मोकळं कॅल्शियम जरा कमी झालं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात आणि हाडांमधून, किडनीतून कॅल्शियम रक्तात आणलं जातं. (याच कारणामुळे रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असणं म्हणजे हाडं मजबूत असणं नव्हे. हाडं ठिसूळ झालेल्या अनेकांचा हा आकडा अगदी व्यवस्थित असतो.)

एकच आकडा, दोन अर्थ

१९७३ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स इथे आर. बी. पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्ब्युमिननुसार कॅल्शियमचा आकडा दुरुस्त करण्याची पद्धत मांडली. तिचं आज सर्वाधिक वापरलं जाणारं रूप असं आहे:

दुरुस्त कॅल्शियम = मोजलेलं कॅल्शियम + ०.८ × (४.० − अल्ब्युमिन)

इथे कॅल्शियम मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणि अल्ब्युमिन ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये हवं. आपल्याकडचे रिपोर्ट सहसा याच एककात असतात. लंडनच्या मावशीचा रिपोर्ट या सूत्रात टाकू नका, तिकडची एककं वेगळी असतात.

आता समजा, नेरुळमधल्या ६४ वर्षांच्या एका काकांचं कॅल्शियम ७.९ आहे आणि अल्ब्युमिन २.९. चारमधून २.९ गेले, उरले १.१. त्याला ०.८ ने गुणलं की ०.८८. ते ७.९ मध्ये मिळवलं की दुरुस्त कॅल्शियम साधारण ८.८ येतं, म्हणजे रेंजमध्ये. काकांच्या रिपोर्टमधला खरा प्रश्न आता बदलला. कॅल्शियम का कमी, हे विचारण्याआधी अल्ब्युमिन का कमी, हे विचारायला हवं. लघवीतून प्रथिन जातंय का, लिव्हरचा जुना आजार आहे का, शरीरात कुठे दीर्घकाळ सूज किंवा इन्फेक्शन आहे का? पायावर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल तर लघवीची प्रथिनांसाठीची तपासणी कॅल्शियमच्या गोळीपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. अशा वेळी नुसत्या गोळ्या सुरू केल्या तर किडनीचा आजार तसाच मागे राहून जातो.

त्याच इमारतीतल्या एका ताईंचंही कॅल्शियम ७.९ आहे, पण अल्ब्युमिन ४.२. इथे दुरुस्ती उलट्या दिशेने जाते आणि आकडा ७.७ च्या आसपास येतो. म्हणजे कॅल्शियम खरंच कमी आहे. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येणं, पोटऱ्यांत वांब येणं ही त्याची नेहमीची लक्षणं. डॉक्टर मग व्हिटॅमिन डी, पीटीएच, मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिन पाहतात. थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्यात पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागू शकतो. हातपाय आखडत असतील, झटका आला असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित वाटत असतील तर गणित करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

माझ्या मते या सूत्राचा सगळ्यात कमी चर्चेतला उपयोग उलट्या बाजूचा आहे. कॅल्शियम १०.३ असेल तर पीडीएफमध्ये काहीच ठळक होत नाही. पण अल्ब्युमिन २.५ असेल तर दुरुस्त आकडा ११.५ होतो. सतत थकवा, बद्धकोष्ठता, खूप तहान आणि सोबत हाडं दुखत असतील तर या लपलेल्या वाढीमागे मल्टिपल मायलोमासारखा रक्ताचा कॅन्सरही असू शकतो.

सूत्रावर किती विसंबायचं?

फार नाही. ०.८ ही सरासरी आहे, प्रत्येक माणसात कॅल्शियम तेवढंच चिकटत नाही. किडनीचे रुग्ण, आयसीयूतले रुग्ण आणि अल्ब्युमिन खूप घसरलेले रुग्ण यांच्यात हे सूत्र आकडा गरजेपेक्षा वर ढकलतं आणि खरी कमतरता झाकली जाते. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या हजारो रुग्णांच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर दुरुस्त आकड्यापेक्षा मूळ टोटल कॅल्शियमच आयोनाइज्ड कॅल्शियमशी जास्त जुळलं. म्हणजे काकांचं ८.८ हा दिलासा आहे, निकाल नाही.

कधी कधी गडबड नळीतच असते. सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते कॅल्शियमला पकडून ठेवतं. त्यातलं थोडं रक्त चुकून दुसऱ्या नळीत मिसळलं तर कॅल्शियम खूप खाली दिसतं. ओळखायची खूण अशी, की त्याच रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतंच जास्त असतं आणि माणूस मात्र ठणठणीत. अशा वेळी नव्याने रक्त देऊन टेस्ट करणं हाच उपाय.

शंका उरलीच तर थेट आयोनाइज्ड कॅल्शियम मोजता येतं. मग पॅकेजमध्ये तीच टेस्ट का नसते? कारण ती नाजूक आहे. नमुन्याला हवा लागली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच बदलतो आणि मोकळं कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटू लागतं. नवी मुंबईत तुर्भ्याला थायरोकेअरची मध्यवर्ती लॅब आहे, तिथे देशभरातून नमुने येतात. इतका प्रवास टोटल कॅल्शियमला चालतो. आयोनाइज्डसाठी मात्र हवाबंद नमुना लवकरात लवकर मशीनमध्ये जावा लागतो. ते मशीन, म्हणजे ब्लड गॅस ॲनालायझर, आयसीयू असलेल्या हॉस्पिटलमध्ये सहसा असतं. त्यामुळे डॉक्टरांनी ही टेस्ट लिहून दिली तर घरी कोणाला बोलावण्यापेक्षा तिथेच जाऊन रक्त द्या.