सलग दोन तोटे, मग सक्तीचा थांबा

१३ मार्च २०२०, शुक्रवार. कोरोनाच्या धास्तीने बाजार उघडताच काही मिनिटांत निफ्टी १० टक्क्यांनी कोसळला आणि सगळे व्यवहार ४५ मिनिटांसाठी बंद झाले. बाजार पुन्हा सुरू झाल्यावर खरेदी आली आणि दिवसअखेर निर्देशांक वाढून बंद झाला. दहा दिवसांनी, २३ मार्चला, तोच नियम पुन्हा लागला. तेवढाच वेळ बाजार थांबला, पण या वेळी थांब्यानंतरही घसरण चालूच राहिली आणि सेन्सेक्स १३ टक्क्यांनी खाली बंद झाला.

एकाच नियमाचे हे दोन उलटे शेवट पाहिले की सक्तीच्या थांब्याचे काम काय, ते कळते. पुढे भाव कुठे जाईल हे थांबा सांगत नाही. घाबरलेल्या अवस्थेत हजारो लोकांनी एकाच वेळी ऑर्डर टाकू नयेत, एवढेच तो पाहतो. हा नियम आपल्याकडे जुलै २००१ पासून लागू आहे. किती घसरणीला किती वेळ थांबायचे हे आधीच ठरलेले असते, त्या दिवशी कोणी बसून ठरवत नाही. बाजाराला असा थांबा आहे. घरी मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करणाऱ्या माणसाला मात्र तो स्वतःच लावून घ्यावा लागतो, आणि बहुतेकांनी तो लावलेला नसतो.

थांबा नसला की काय होते, ते आकड्यांत पाहू. समजा, एकाचे भांडवल २ लाख रुपये आहे. एक्स्पायरीचा दिवस आहे आणि निफ्टीचा लॉट ६५ चा धरला आहे. पावणेदहाच्या सुमारास त्याने १२० रुपये प्रीमियमला एक लॉट कॉल घेतला, ९५ वर स्टॉप लॉस लावला. स्टॉप लॉस लागला आणि १,६२५ रुपये गेले. अर्ध्या तासाने ११० ला पुट घेतला, स्टॉप लॉस ८५ ला. तोही लागला, आणखी १,६२५ गेले. एकूण तोटा ३,२५० रुपये, म्हणजे भांडवलाच्या दीड टक्क्याहून थोडा जास्त. इथपर्यंत सगळे शिस्तीत झाले आहे. दोन्ही सौद्यांत जोखीम आधी ठरवलेली होती, तेवढीच गेली.

तिसरा सौदा चार मिनिटांत होतो. या वेळी एक नाही, तीन लॉट. १९५ युनिट १०० रुपयांना. मनातला हिशेब सरळ असतो: प्रीमियम फक्त १७ रुपये वाढला की सकाळचा तोटा भरून निघतो. स्टॉप लॉस लावलेला नसतो, कारण ‘आज दोनदा स्टॉप लॉस लागूनच माल गेला’ ही सल ताजी असते. प्रीमियम ७० वर येतो तेव्हा तो आणखी तीन लॉट घेऊन अ‍ॅव्हरेज करतो. आता ३९० युनिट, सरासरी ८५ रुपये. एक्स्पायरीच्या दिवशी निर्देशांक नुसता जागेवर राहिला तरी प्रीमियम वितळत जातो. दुपारी एकला भाव ४० असतो. तिथे तो बाहेर पडतो. या एका सौद्यात १७,५५० रुपये गेले. दिवसाचा तोटा २०,८०० रुपये, भांडवलाच्या दहा टक्क्यांहून जास्त, आणि ब्रोकरेज व कर अजून वेगळेच.

पहिल्या दोन सौद्यांत आणि तिसऱ्यात फरक बाजाराचा नाही. पहिले दोन भाव पाहून घेतले होते, तिसरा स्वतःच्या खात्यातला लाल आकडा पाहून घेतला. गेलेला पैसा बाजाराकडून लगेच वसूल करायचा, या हट्टाने केलेल्या सौद्याला रिव्हेंज ट्रेडिंग म्हणतात.

हा दोष फक्त नवख्यांचा असतो असे वाटत असेल, तर शिकागोच्या वायदेबाजारातील एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. जोशुआ कोव्हल आणि टायलर शमवे यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात सरकारी रोख्यांच्या वायद्यात व्यवहार करणारे व्यावसायिक ट्रेडर तपासले होते. ज्यांना सकाळी तोटा झाला, ते दुपारी नेहमीपेक्षा जास्त जोखीम घेताना आढळले. शिवाय ते चढ्या भावात घेत होते, पडत्या भावात विकत होते, आणि त्यांनी हलवलेले भाव थोड्याच वेळात पूर्ववत होत होते. व्यावसायिक अनुभव असूनही सकाळचा तोटा दुपारच्या हातात उतरत होता. कानेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच दाखवले होते की नफ्याच्या बाजूला सावध असलेला माणूस तोट्यातून सुटण्यासाठी मोठी जोखीम पत्करायला तयार होतो. म्हणून ‘मन शांत ठेवा’ हा सल्ला इथे पुरत नाही. ज्या मनाने नियम पाळायचा, तेच मन त्या क्षणी बिघडलेले असते. नियम आधी लिहिलेला हवा आणि शक्यतो दुसऱ्याच्या हातात हवा.

मग नियम कोणता? दोन मोजण्या लागतात: सलग तोट्यांची संख्या आणि दिवसाचा रुपयांतला तोटा. सलग दोन तोटे झाले की अर्धा तास नवा सौदा नाही. त्यानंतरचा सौदाही तोट्यात गेला, तर दिवस संपला. आणि संख्या काहीही असो, एका सौद्यात ठरवलेल्या जोखमीच्या तिप्पट रक्कम गेली की दिवस संपला. नुसती सलग तोट्यांची मोजणी केली तर पळवाट राहते. दोन तोटे, मग शंभर रुपयांचा नफा, पुन्हा दोन तोटे, असे करत मोजणी कधीच तीनवर जात नाही आणि खाते रिकामे होत राहते. ती वाट रुपयांची मर्यादा बंद करते. वरच्या उदाहरणात एका सौद्याची जोखीम १,६२५ धरली तर दिवसाची मर्यादा ४,८७५ रुपये होते. नियम पाळला असता तर तिसरा सौदा अर्ध्या तासाने, एकाच लॉटचा आणि स्टॉप लॉससह झाला असता, आणि फसला असता तरी दिवस पाच हजारांच्या आत मिटला असता.

अनेकांचा आक्षेप असतो की सलग तोटे झाले म्हणजे पद्धत चुकली असे थोडेच आहे? ते बरोबरच आहे. नाणे २० वेळा उडवले तर कुठे ना कुठे सलग तीन छापे पडण्याची शक्यता जवळपास ७९ टक्के असते. निम्मे सौदे जिंकणाऱ्या चांगल्या पद्धतीतही सलग तीन तोटे वारंवार येणारच. पण थांबा पद्धतीसाठी नाही, माणसासाठी आहे. दोन तोट्यांनंतर बाजार तसाच असतो, बदललेला असतो तो सौदा करणारा.

अर्धा तास पुरतो का? तो पुरतो ते फक्त घाईची लाट ओसरायला, आणि तेही पडद्यासमोरून उठलात तरच. चार्ट उघडा ठेवून बसले तर ‘घेतला असता तर’ या विचाराने चिडचिड वाढतेच. खरी ताकद दिवस संपवण्याच्या नियमात आहे, कारण ‘आजचा दिवस नफ्यात बंद करायचा’ ही ओढ त्या दिवसाच्या हिशेबाला चिकटलेली असते. दुसऱ्या दिवशी हिशेब नव्याने सुरू होतो आणि ती बरीच सैल पडते. त्या दिवशी आणखी एक पथ्य उपयोगी पडते: लॉट कमी ठेवायचे. शिकागोचे प्रसिद्ध ट्रेडर रिचर्ड डेनिस यांनी १९८० च्या दशकात ‘टर्टल’ नावाचा शिष्यगट तयार केला होता. खाते १० टक्क्यांनी घटले की ते २० टक्क्यांनी लहान आहे असे समजून सौदे करायचे, असा त्यांना नियम होता. तोट्यानंतर आकार वाढवण्याच्या ओढीला याहून सरळ उत्तर नाही.

नियम कागदावर राहिला तर अकरा वाजता तो मोडला जातो. म्हणून कुलूप बाहेर हवे. काही ब्रोकर ‘किल स्विच’ देतात. झिरोधाच्या किल स्विचने एफ अँड ओ सेगमेंट बंद केला, की तो पुन्हा चालू करायला किमान १२ तास थांबावे लागते, म्हणजे तो दिवस हाताबाहेर जातो. हे बटण दाबण्याआधी उघडे सौदे बंद करा. थांब्याचा नियम नव्या सौद्यांना आहे, असलेल्या सौद्यातून बाहेर पडायला तो कधीच आड येता कामा नये. दुसरे कुलूप पैशाचे. बाजार चालू असताना यूपीआयने खात्यात भर घालायची नाही, हे पक्के ठरवा. मोठी नुकसानी बऱ्याचदा खात्यातल्या पैशाने होत नाही, मध्येच भरलेल्या पैशाने होते. आणि दुसऱ्या ब्रोकरकडे खाते असेल तर पहिल्याच्या किल स्विचला अर्थ उरत नाही. ते खाते बंद करा.

हा आजार आपल्याला आहे का, हे ओळखायला स्वतःचे ट्रेडबुक पुरते. गेल्या तीन महिन्यांचे सौदे एक्सेलमध्ये घ्या आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: मागच्या तोट्यानंतर किती मिनिटांनी तो घेतला, आणि त्याचे लॉट नेहमीपेक्षा जास्त होते का. मग तोट्यानंतर १५ मिनिटांच्या आत घेतलेल्या सौद्यांची बेरीज वेगळी करा आणि बाकीच्यांची वेगळी. पहिली बेरीज खोल लाल आणि दुसरी शून्याच्या आसपास किंवा नफ्यात असेल, तर वरचे नियम तुमचे पैसे थेट वाचवतील.

दोन्ही बेरजा लाल असतील, तर मात्र थांबा काही करू शकणार नाही. तो फक्त तोट्याचा वेग कमी करेल. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये. सलग दोन वर्षे तोटा होऊनही त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक जण सौदे करतच राहिले. दिवसाच्या थांब्यासारखाच वर्षाचाही थांबा लागतो, आणि तो कोणताही ब्रोकर लावून देणार नाही. सलग दोन वर्षांचा हिशेब तोट्यात असेल, तर एफ अँड ओ सेगमेंट बंद करा आणि उरलेले भांडवल घरी आणा.