‘अउ?’ म्हणेपर्यंत थांबा

आज बोलूया फोनवरच्या पहिल्या दहा-पंधरा सेकंदांबद्दल. पुण्याहून रायपूरला येणाऱ्या माझ्या भाच्याला हाच भाग फुकट वाटतो. ‘मावशी, काम आहे तर सरळ काम सांग ना!’

आता मे महिन्यातली गोष्ट घ्या. आमच्या बोअरची मोटर बंद पडली, टाकी रिकामी. मी मिस्त्रींना फोन लावला.

‘जय जोहार भैया.’
‘जय जोहार दीदी.’
‘सब बने-बने?’
‘हव, बने हे. तुमन?’
‘हमू मन बने हन.’
‘अउ?’

या ‘अउ’साठी मी थांबले होते. छत्तीसगढीत त्याचा शब्दशः अर्थ ‘आणखी’, पण इथे तो दार उघडतो. मराठीत आपण त्याच जागी ‘हं, बोला!’ किंवा ‘काय विशेष?’ म्हणतो. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने फोनवरच्या संभाषणांची सुरुवात बारकाईने तपासली. हाक आणि ओ, ओळख, नमस्कार, मग एकमेकांची खुशाली, आणि त्यानंतर फोन करण्याचं कारण, हा क्रम त्याने दाखवला. कारण त्याआधी आलं, तर ऐकणारा त्याला तातडीचं समजतो. म्हणून घरात कोणी चक्कर येऊन पडलं असेल तर खुशाली विचारूच नका. ती गाळली की समोरचा लगेच सावध होतो. मोटरसाठी रोज असं केलंत, तर खऱ्या संकटाच्या वेळी तुमच्या घाईला वजन उरणार नाही.

खुशालीचं उत्तर मात्र नीट ऐकायचं. ‘बने हे’ असं चटकन आलं तर पुढे चला. पण थोडं थांबून, खालच्या सुरात ‘बस, चलत हे’ आलं, तर तिथे काहीतरी आहे. मागच्या वर्षी मिस्त्रींचं असंच उत्तर आलं. मी विचारलं, ‘का होगे?’ मुलाला ताप होता, ते दवाखान्यातच बसले होते. मी मोटरचं नावच काढलं नाही. मग त्यांनीच विचारलं, ‘दीदी, काम का रिहिस?’ सांगितल्यावर त्यांनी भावाला पाठवलं. विचारलं नसतं, तर दवाखान्यात बसलेल्या माणसाला मी टाकीचं रडगाणं ऐकवलं असतं.

व्हॉट्सॲपवर हे गणित उलटं होतं. बोलताना एक कडी दोन सेकंदांची असते. लिहिताना तिला तासही लागतो. नुसतं ‘नमस्कार, कसे आहात?’ पाठवून गप्प बसलात, तर समोरचा उगाच विचार करत राहतो, की यांना पैसे हवेत की काय! तिथे सगळं एकाच निरोपात लिहावं: ‘जय जोहार भैया, घरी सगळे बरे असतील. बोअरची मोटर सुरू होत नाही, घूं-घूं आवाज येतो. उद्या सकाळी जमेल का?’

भाचा हे मान्य करतो. फोनवर मात्र अजून ‘अउ?’च्या आधीच सुरू होतो.