विश्लेषण : मीरा-भाईंदरच्या दमट हवेत अभ्यंगाला कोणते तेल? सुगंधाचे थेंब किती?

पाऊस ओसरला की मीरा-भाईंदरमध्ये दोन गोष्टी साधारण एकाच वेळी येतात. पहिली ऑक्टोबरची काहिली आणि दुसरी दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची तयारी. दुकानांत सुगंधी तेलाच्या बाटल्या आणि उटण्याची पाकिटे मांडली जातात आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे घराघरांत अंगाला तेल चोळले जाते. मात्र सणानंतरच्या आठवड्यात कुणाच्या पाठीवर घामोळे उठते, कुणाच्या मांडीवर बारीक पुळ्या येतात, तर कुणाच्या मानेवर लाल चट्टा उमटतो. दोष तेलाचा, वासाचा की हवेचा, हे कळत नाही. बहुतेक वेळा तिघांचाही थोडा थोडा वाटा असतो.

दमट हवेत तेलाचे गणित का बदलते?

उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरे असलेल्या या शहरात हवेत सतत बाष्प असते. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. येथे तो अंगावरच राहतो. अशा त्वचेवर तेलाचा जाड थर दिवसभर राहिला, तर घाम, धूळ आणि मृत त्वचा त्यात अडकते. घामाच्या नलिकांची तोंडे बंद झाली की घामोळे येते आणि केसांच्या मुळांशी जंतू वाढले की पुळ्या येतात. छाती-पाठीवरील शिब्यांना कारणीभूत असणारी बुरशी तर स्निग्ध पदार्थांवरच जगते.

जुन्या पद्धतीत यावरचा उपाय आधीपासूनच आहे. अभ्यंग म्हणजे नुसते तेल लावणे नव्हे. तेल, मग उटणे आणि मग ऊन पाण्याची आंघोळ, असा तो क्रम आहे. डाळीचे पीठ किंवा उटणे जास्तीचे तेल शोषून घेते आणि त्वचेवर फक्त पातळ स्निग्धता मागे राहते. ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग सांगितले आहे, पण कफविकार आणि अपचन असताना ते टाळावे, असेही तेथे म्हटले आहे. दमट किनाऱ्यावर म्हणूनच पहिला प्रश्न ‘कोणते तेल’ हा नसून ‘ते किती वेळ ठेवायचे आणि कसे उतरवायचे’ हा आहे. वीस ते तीस मिनिटे पुरेशी असतात. तेल लावून तसेच लोकल पकडणे हे कोरड्या थंडीच्या प्रदेशात चालून जाईल, येथे नाही.

मूळ तेल कसे निवडावे?

ज्या तेलात सुगंध मिसळायचा, त्याला बाजारात कॅरिअर ऑइल म्हणतात. चोळायच्या तेलाचा जवळपास सगळा भाग हाच असतो, त्यामुळे त्वचेचे बरेवाईट यावरच ठरते.

तिळाचे तेल हे अभ्यंगाचे परंपरागत तेल. त्यात नैसर्गिक प्रतिऑक्सिडीकारक घटक असल्याने ते उष्ण हवेतही तुलनेने लवकर खवट होत नाही. चोळायला ते सरकते राहते आणि उटण्याने चांगले निघते. आयुर्वेदात ते उष्ण मानले जाते, म्हणून उन्हाळ्यात अनेक घरांत त्यात खोबरेल मिसळतात. तीव्र वास नको असेल तर न भाजलेल्या तिळाचे घाण्याचे तेल घ्यावे, कारण भाजलेल्या तिळाचा वास कोणत्याही सुगंधावर मात करतो. तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी ते अंगालाही लावू नये.

खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. म्हणून ऑक्टोबरमध्ये पातळ दिसणारी बाटली जानेवारीच्या पहाटे पांढरी होते. यात भेसळ नसते, तो त्या तेलाचा स्वभाव आहे. कोरड्या हातापायांना ते चांगले, पण मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर, छातीवर आणि पाठीवर ते टाळलेले बरे.

हलके तेल हवे असेल तर सूर्यफूल हा साधा आणि स्वस्त पर्याय आहे. ब्रिटनमधील शेफील्ड येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात स्वयंसेवकांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह आणि सूर्यफुलाचे तेल लावून पाहिले. ऑलिव्ह तेलाने त्वचेचे संरक्षक आवरण कमजोर झाले, सूर्यफुलाने ते टिकून राहिले. सूर्यफुलाच्या तेलाची अडचण एकच, ते लवकर खवट होते. त्यामुळे लहान बाटली घ्यावी आणि ती सावलीत ठेवावी.

उत्तर भारतातून आलेल्या अनेक कुटुंबांत मोहरीच्या तेलाची सवय असते. त्याचा झणझणीतपणा ज्या घटकामुळे येतो, तोच त्वचेला चुरचुरवतो. घामट, खरचटलेल्या किंवा लहान मुलाच्या अंगावर ते येथील हवेत त्रासदायक ठरू शकते. आकर्षक बाटलीतील ‘बदाम तेल’ किंवा ‘गुलाब तेल’ घेताना मागची घटकांची यादी वाचावी. सर्वात आधी लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल लिहिलेले असेल, तर बाटलीत मुख्यतः तेच आहे. ते घातक नाही आणि खवटही होत नाही. पण पैसे बदामाचे मोजले जात असतील, तर ते जाणून मोजावेत.

‘थंड’ तेल खरेच थंड करते का?

मेन्थॉल आणि पुदिन्यामुळे त्वचेतील गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना संदेश मिळतो, म्हणून गार वाटते. अंगाचे तापमान त्यामुळे उतरत नाही. घामोळे आलेल्या त्वचेवर तेच मेन्थॉल भाजल्यासारखे झोंबते. कापूर, निलगिरी आणि पुदिना यांचे तेल तान्ह्या बाळाला आणि लहान मुलांना लावूच नये. ते अंगातून शोषले गेले किंवा तोंडात गेले तर श्वासाचा त्रास आणि झटके येण्याचा धोका असतो.

सौम्य सुगंध म्हणजे कोणता आणि किती?

वाळा, चंदन, गुलाब आणि लव्हेंडर हे वास दमट हवेतही जड वाटत नाहीत. दालचिनी आणि लवंगेचे तेल मात्र थोड्या प्रमाणातही आग करते. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेले तेल आणि बर्गमॉट यांत असे घटक असतात, की ते अंगावर असताना ऊन लागले तर त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. आंघोळीनंतर उन्हात निघायचे असेल तर ते नकोत.

मात्रा हा यातला सर्वात दुर्लक्षित भाग आहे. इसेन्शियल ऑइल हे वनस्पतीचे अत्यंत तीव्र सार असते आणि ते कधीही थेट अंगाला लावायचे नसते. मोठ्या माणसांच्या अंगाच्या तेलात ते १ टक्क्यापर्यंत चालते. उष्ण, ओलसर त्वचेत ते अधिक मुरते, म्हणून येथे अर्ध्या टक्क्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. १ मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने २० थेंब धरले, तर १०० मिलिलिटर तेलाला अर्धा टक्का म्हणजे १० थेंब झाले. ‘वास येत नाही’ म्हणून वाढवलेले थेंबच पुढे चट्ट्याच्या रूपाने दिसतात.

एका घराचा हिशेब

समजा, भाईंदर पश्चिमेच्या एका घरात नवरा-बायको, सत्तरीची आजी, मुरुमांनी त्रासलेला कॉलेजचा मुलगा आणि दोन वर्षांची नात आहे. अंगभर तेलाला एका मोठ्या माणसाला तीन ते चार चहाचे चमचे, म्हणजे १५ ते २० मिलिलिटर पुरते. त्यामुळे १०० मिलिलिटर तेल सर्वांसाठी भरपूर होते.

कोरड्या, स्वच्छ, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत ७० मिलिलिटर तिळाचे आणि ३० मिलिलिटर सूर्यफुलाचे तेल घ्यावे. सुगंध घालण्यापूर्वी नातीसाठी २० मिलिलिटर वेगळे काढावे, तिला बिनवासाचेच तेल लावायचे. उरलेल्या ८० मिलिलिटरमध्ये ८ थेंब घालावेत, त्यात ५ लव्हेंडरचे आणि ३ वाळ्याचे. वाळ्याचे तेल घट्ट असते, थेंब हळू पडतो आणि मोठा असतो. घाईत बाटली झटकली तर प्रमाण बिघडते. दोन दिवस झाकून ठेवले की वास एकजीव होतो.

मग चाचणी. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी हे तेल दिवसातून दोनदा, आठवडाभर लावावे. लाली, खाज किंवा बारीक पुरळ आले तर ते तेल त्या व्यक्तीसाठी बाद. म्हणूनच मिश्रण सणाच्या आदल्या दिवशी नव्हे, दहा दिवस आधी करावे.

लावताना तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी. थेट गॅसवर तापवल्यास सुगंध उडतो आणि भाजण्याचीही भीती असते. आजीच्या कोरड्या पायांना थोडे जास्त, तर मुलाला फक्त हातपायांना लावावे. पाठ, छाती आणि चेहरा वगळावा, मुरुमांवर उटणेही खसाखसा घासू नये. काखेत, जांघेत आणि गजकर्ण असलेल्या जागी कुणीच तेल चोळू नये. मोरीत जाण्याआधी आजीच्या तळपायाचे तेल पुसून घ्यावे. तेलकट फरशीवर घसरून मोडलेले हाड हा पुरळापेक्षा मोठा अपघात आहे.

तेल बिघडले हे कसे ओळखावे?

खवट तेलाला जुन्या मेणाच्या खडूसारखा किंवा शिळ्या फरसाणासारखा वास येतो आणि ते बोटांना चिकट लागते. सुगंध हा वास झाकतो, म्हणून सुगंध घालण्यापूर्वीच मूळ तेल हुंगून पाहावे. लव्हेंडर आणि संत्र्यासारख्या तेलांतील घटक हवेशी संयोग पावून ॲलर्जी करणारे बनतात, त्यामुळे गेल्या दिवाळीला उघडलेली छोटी बाटली यंदा वापरू नये. केलेले मिश्रण दोन-तीन महिन्यांत संपवावे. खिडकीत किंवा बाथरूमच्या फळीवर ते लवकर बिघडते, बंद कपाटात टिकते.

घामोळे आले तर तेल थांबवून साधी थंड आंघोळ, सैल सुती कपडे आणि पंख्याचा वारा एवढ्यानेच बहुतेकदा दोन-तीन दिवसांत आराम पडतो. पुळ्यांत पू झाला, ताप आला किंवा चट्टा पसरत गेला, तर घरातले दुसरे तेल लावून पाहण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. जाताना वापरलेल्या तेलाची बाटली सोबत न्यावी, निदान त्यावरून लवकर होते.